कापलेल्या फोटोतलं कोडं आणि फुल्यांचा तक्ता

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी आईचा मेसेज आला. सोबत फोटो होता, रविवारच्या पुरवणीतल्या कोड्याचा. आमच्याकडे आता पेपर येत नाही. शेजारच्या काकू आपल्या पेपरातल्या कोड्याचा फोटो काढून आईला पाठवतात आणि आई जुन्या डायरीच्या कोऱ्या पानावर तक्ता आखून ते सोडवते. मेसेज असा होता: "दोनदा केलं. दोन्ही वेळा दोन उत्तरं येतायत. डोकं चालेनासं झालंय बहुतेक. तू बघ गं."

मी बघितलं आणि पहिल्या फेरीत माझीही दोनच उत्तरं आली. मग फोटोकडे पुन्हा नीट पाहिलं. आजची पोस्ट या एका कोड्याबद्दल आहे. तक्ता कसा भरायचा हे त्यात येईलच. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की तक्ता अडला तर आपलं चुकलंय, की आपण थांबलोय, की मुळात माहितीच कमी आहे, हे कसं ओळखायचं. कागद-पेन्सिल घेऊन सोबत केलंत तर मजा येईल.

कोडं

फोटोवरून मी पहिल्यांदा सगळं कोडं हाताने उतरवून घेतलं. ही सवय लावून घ्या. फोटो झूम करत, सरकवत कोडं सोडवायला गेलं की एखादं विधान अर्धवट वाचलं जातं आणि ते लक्षातही येत नाही. उतरवताना प्रत्येक शब्द लिहावा लागतो, त्यामुळे कुठला शब्द दिसतोय आणि कुठला आपण मनानेच भरतोय हे कळतं.

अमोल, भाग्यश्री, चिन्मय आणि दीपा हे चौघे एकाच सकाळी एकाच एसटी स्टँडवरून चार वेगवेगळ्या गाड्यांनी चार वेगवेगळ्या गावांना गेले. गावं: सातारा, नाशिक, कोल्हापूर, अलिबाग. गाड्या सुटल्या ६, ७, ८ आणि ९ वाजता. कोण कुठे गेलं आणि किती वाजता?

१. अमोल नाशिकला गेला नाही आणि कोल्हापूरलाही गेला नाही.
२. साताऱ्याची गाडी अमोलच्या गाडीच्या बरोबर एक तास आधी सुटली.
३. दीपाची गाडी अलिबागच्या गाडीनंतर सुटली.
४. भाग्यश्री सहाच्या गाडीने गेली नाही.
५. कोल्हापूरची गाडी सगळ्यात शेवटी सुटली.
६. चिन्मय साताऱ्याला गेला

सहाव्या विधानाकडे परत येऊ. आत्तापुरतं ते बाजूला ठेवा. मीही मुद्दाम पहिल्या पाच विधानांवरच सुरुवात करणार आहे.

एक सातवं विधानही इथे आहे, फक्त त्याला क्रमांक दिलेला नाही. प्रस्तावनेतलं "चार वेगवेगळ्या" हे ते विधान. एका माणसाला एकच गाव, एका गावाला एकच माणूस, आणि वेळेचंही तसंच. पुढे ज्या फुल्या आपण मारणार आहोत त्यातल्या बऱ्याचशा या एका शब्दातून येतात.

तक्ता कसा आखायचा

इथे तीन प्रकारच्या गोष्टी आहेत: माणसं, गावं, वेळा. प्रत्येक दोन प्रकारांसाठी चार बाय चारचा एक चौकोन लागतो. म्हणजे माणूस-गाव, माणूस-वेळ आणि गाव-वेळ असे तीन चौकोन, एकूण ४८ घरं. बरेच जण तिसरा चौकोन, गाव-वेळेचा, आखतच नाहीत. शेवटी उत्तर माणसाबद्दल द्यायचंय, मग गावाची वेळ कशाला, असं वाटतं. पण पाचवं विधान बघा: "कोल्हापूरची गाडी सगळ्यात शेवटी". यात माणसाचं नावच नाही. तिसरा चौकोन नसेल तर ही माहिती लिहायची कुठे? मग ती डोक्यात ठेवावी लागते आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

खुणा दोनच. नक्की नाही तिथे ✗, नक्की हो तिथे ✓. घर रिकामं असेल तर त्याचा अर्थ "अजून माहीत नाही" एवढाच. "बहुतेक" साठी खूण ठेवायची नाही.

या तक्त्याशिवाय सगळ्या शक्यता तपासायच्या म्हटल्या तर चार माणसांना चार गावं २४ प्रकारे देता येतात, चार वेळाही २४ प्रकारे, म्हणजे एकूण ५७६ मांडण्या. कॉम्प्युटरला हे काहीच नाही, पण माणसाला नको वाटेल. पाच घरांचं आणि झेब्र्याचं जे प्रसिद्ध कोडं १९६२ साली 'लाइफ इंटरनॅशनल' मासिकात आलं होतं, त्यात अशा मांडण्या सुमारे २,४८८ कोटी होतात, आणि तरीही लोक ते एका कागदावर सोडवतात. कारण फुली मांडण्या एकेक करून काढत नाही, गठ्ठ्याने काढते. अमोल-नाशिक या घरावर एक फुली मारली की अमोल नाशिकला गेलेल्या सगळ्या १४४ मांडण्या एका फटक्यात बाद.

पहिली पाच विधानं

पहिल्या विधानाने अमोलच्या ओळीत नाशिक आणि कोल्हापूर यांवर फुल्या आल्या. दुसरं विधान वेळेबद्दल दिसतं, पण त्यात एक गोष्ट दडलेली आहे. साताऱ्याची गाडी अमोलच्या गाडीच्या आधी सुटली, म्हणजे त्या दोन वेगळ्या गाड्या. म्हणून अमोल साताऱ्याला गेला नाही. तिसरी फुली. ओळीत एकच घर उरलं, अलिबाग. तिथे ✓, आणि अलिबागच्या रकान्यात बाकी तिघांपुढे ✗.

हा पहिला नियम: ओळीत किंवा रकान्यात एकच घर उरलं की ते ✓, आणि ✓ मिळाली की त्या ओळीतल्या आणि रकान्यातल्या बाकी घरांत ✗. हा सगळ्यांना माहीत असतो.

दुसरा नियम थोडा कमी माहीत असतो, आणि तिसरा चौकोन त्यासाठीच लागतो. अमोल म्हणजेच अलिबाग असं एकदा ठरलं, की अमोलच्या वेळांची ओळ आणि अलिबागच्या वेळांची ओळ या वेगळ्या राहत नाहीत. एकीत फुली आली की ती दुसरीतही उतरवायची. दुसऱ्या विधानाप्रमाणे अमोल सहाला निघू शकत नाही, कारण त्याच्या एक तास आधी साताऱ्याची गाडी हवी आणि पहिली गाडीच सहाची आहे. म्हणून अमोल-६ वर फुली, आणि लगेच अलिबाग-६ वरही फुली.

पाचवं विधान: कोल्हापूर-९ ला ✓. कोल्हापूरच्या ओळीत ६, ७, ८ वर फुल्या, आणि नऊच्या रकान्यात बाकी तीन गावांपुढे फुल्या. अलिबाग-९ वर आता फुली आली, मग अमोल-९ वरही. आता अमोलला, म्हणजे अलिबागला, ७ किंवा ८ एवढंच उरलं.

इथे दुसरं विधान परत वाचायचं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण सगळ्यात जास्त लोक इथे अडतात. "अमोल नाशिकला गेला नाही" हे विधान एका घराचं आहे. एकदा फुली मारली की ते संपलं. पण "बरोबर एक तास आधी" हे दोन घरांमधलं नातं आहे. ते एका फुलीत मावत नाही. तक्ता बदलला की ते नव्याने काहीतरी सांगू शकतं. अमोल ७ किंवा ८ ला, तर सातारा ६ किंवा ७ ला. म्हणजे सातारा-८ वर फुली. आणि आणखी एक: सातारा आणि अलिबाग आता एकापाठोपाठ आहेत, ६-७ किंवा ७-८. दोन्ही वेळा सातची गाडी या दोघांपैकी एकाची. म्हणून नाशिक-७ वर फुली.

मी विधानांच्या क्रमांकासमोर खूण करते. संपलेल्या विधानावर रेघ मारते, आणि नात्याच्या विधानाभोवती गोल. गोल केलेली विधानं प्रत्येक नव्या ✓ नंतर परत वाचायची.

तिसरं विधानही गोलातलंच. दीपा अलिबागच्या नंतर. अलिबाग लवकरात लवकर ७ ला, म्हणून दीपा ६ ला नाही आणि ७ लाही नाही. चौथ्या विधानाने भाग्यश्री ६ ला नाही. आता माणूस-वेळ चौकोनातला सहाचा रकाना वरून खाली बघा: अमोल ✗, भाग्यश्री ✗, दीपा ✗. उरला चिन्मय. चिन्मय-६ ला ✓. पाचपैकी एकाही विधानात चिन्मयचं नाव नाही, आणि तरीही त्याची वेळ पहिल्यांदा पक्की झाली.

चिन्मय सहाला, कोल्हापूरची गाडी नऊला, म्हणून चिन्मय कोल्हापूरला गेला नाही. शेवटची एक फुली जरा बारकाईने. दीपाच्या उरलेल्या वेळा ८ आणि ९. साताऱ्याच्या उरलेल्या वेळा ६ आणि ७. दोन्हींत समान काहीच नाही. म्हणजे दीपा साताऱ्याला जाऊच शकत नाही, ✗. दोघांपैकी कुणाचीच नक्की वेळ माहीत नसताना ही फुली मिळते.

आता तक्ता असा दिसतो. रिकाम्या घरात टिंब ठेवलंय.

| | सातारा | नाशिक | कोल्हापूर | अलिबाग | ६ | ७ | ८ | ९ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| अमोल | ✗ | ✗ | ✗ | ✓ | ✗ | · | · | ✗ |
| भाग्यश्री | · | · | · | ✗ | ✗ | · | · | · |
| चिन्मय | · | · | ✗ | ✗ | ✓ | ✗ | ✗ | ✗ |
| दीपा | ✗ | · | · | ✗ | ✗ | ✗ | · | · |

| | ६ | ७ | ८ | ९ |
|---|---|---|---|---|
| सातारा | · | · | ✗ | ✗ |
| नाशिक | · | ✗ | · | ✗ |
| कोल्हापूर | ✗ | ✗ | ✗ | ✓ |
| अलिबाग | ✗ | · | · | ✗ |

४८ पैकी २० घरं मोकळी. दोन्ही नियम लावून बघा, गोल केलेली विधानं परत वाचून बघा, एकही नवी फुली मिळणार नाही. ५७६ मांडण्यांपैकी आता फक्त ३ उरल्या आहेत, पण तक्ता त्या आपल्याला वेगळ्या करून दाखवत नाही.

सहावं विधान, जसं फोटोत दिसतं तसं

"चिन्मय साताऱ्याला गेला". चला, लावून बघू. चिन्मय-सातारा ला ✓. चिन्मय सहाला, म्हणून साताऱ्याची गाडी सहाची. अमोल एक तासाने, म्हणजे सातला, आणि अलिबागही सातला. नाशिकला फक्त आठ उरले. गाव-वेळेचा चौकोन पूर्ण भरला: सातारा ६, अलिबाग ७, नाशिक ८, कोल्हापूर ९.

उरले भाग्यश्री आणि दीपा, आणि उरल्या नाशिकची आठची आणि कोल्हापूरची नऊची गाडी. भाग्यश्री नाशिकला आणि दीपा कोल्हापूरला? सगळी विधानं तपासा, चालतंय. उलट? तेही चालतंय. दीपाला फक्त सातच्या नंतर निघायचं आहे, भाग्यश्रीला फक्त सहाला निघायचं नाही. आठ आणि नऊमध्ये निवड करायला दोघींपैकी कुणाकडेच कारण नाही.

आईचीही गाडी इथेच अडली होती. तिने तक्त्याचा फोटो पाठवला तेव्हा मी एकेक घर ताडून पाहिलं. एकही फुली चुकलेली नव्हती.

तीन प्रकारचं अडणं

तक्ता अडतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी झालेल्या असू शकतात, आणि तिघांवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली म्हणजे विसंगती. एखाद्या ओळीत किंवा रकान्यात चारही फुल्या येतात, किंवा दोन ✓ येतात. इथे काहीतरी नक्की चुकलंय. एकतर फुली चुकीच्या घरात गेली, किंवा विधान उलटं वाचलं. "आधी" आणि "नंतर" ची अदलाबदल हे नेहमीचं कारण. दुसरं विधान उलटं वाचून पाहा, म्हणजे साताऱ्याची गाडी अमोलच्या एक तास नंतर. सहावं विधान दिसतं तसंच घेतलं तर चिन्मय साताऱ्याला जातो आणि सातारा अमोलच्या नंतर, म्हणजे सातला किंवा त्यानंतर. मग चिन्मय सहाला नसतो. अमोल अलिबागला, आणि अलिबागच्या नंतर सातारा आणि दीपा, म्हणजे चिन्मय आणि दीपा दोघेही अमोलच्या नंतर. सहाला अमोल निघेल आणि पुढे तक्ता बिनबोभाट भरत जाईल. लक्षात घ्या, चूक असूनही विसंगती आली नाही. म्हणजे विसंगती आली तर चूक नक्की, पण नाही आली म्हणून सगळं बरोबर असं नाही. म्हणून उत्तर मिळाल्यावर मूळ विधानं एकदा शब्दशः ताडायचीच, आणि तीही फोटोवरून, आपण उतरवलेल्या कागदावरून नाही.

दुसरी म्हणजे नुसतं थांबणं. उत्तर एकच आहे, पण आपले दोन नियम तिथपर्यंत पोचत नाहीत. कॉम्प्युटर विज्ञानात फुल्या पसरवण्याच्या या पद्धतीला 'कन्स्ट्रेंट प्रोपगेशन' म्हणतात, आणि ॲलन मॅकवर्थ यांनी १९७७ साली मांडलेली 'एसी-३' ही त्यातली प्रसिद्ध रीत. तिच्याबद्दलही हेच खरं आहे: ती एका वेळी दोन गोष्टींमधलं नातं तपासते, त्यामुळे तीन-चार नाती एकत्र गुंतली की ती थांबू शकते.

तिसरी म्हणजे माहितीच कमी असणं. एकापेक्षा जास्त उत्तरं खरोखरच विधानांत बसतात. कितीही विचार केला तरी इथून पुढे जाता येत नाही.

दुसरी आणि तिसरी गोष्ट तक्त्यावर अगदी सारखी दिसते: मोकळी घरं, नवी फुली नाही. फरक ओळखायचा तर एक मोकळं घर निवडा, शक्यतो अशा ओळीतलं जिथे दोनच पर्याय उरलेत. तक्त्याची नक्कल करा. एका नकलेत त्या घराला ✓ द्या, दुसरीत ✗, आणि दोन्ही शेवटपर्यंत न्या. एक नक्कल विसंगतीत गेली तर आपण नुसते थांबलो होतो, आणि आता पुढची खूण मिळाली. दोन्ही नकला पूर्ण भरल्या आणि सगळ्या विधानांत बसल्या तर माहिती कमी आहे. नक्कल वेगळ्या कागदावर करा. मूळ तक्त्यावरच अंदाज लिहिला की नंतर कुठली फुली विधानातून आली आणि कुठली अंदाजातून, हे सांगता येत नाही आणि सगळंच खोडावं लागतं.

माहिती कमी असल्याची एक ठळक खूणही आहे. शेवटी दोन ओळी आणि दोन रकाने यांच्या कोपऱ्यांवरची चारच घरं मोकळी राहतात. आमच्या तक्त्यात भाग्यश्री-दीपा आणि नाशिक-कोल्हापूर असा हा चौकोन होता, आणि त्याची जोडी ८-९ च्या रकान्यांत. असा चौकोन दिसला की विचारा: या दोघींमध्ये फरक करणारं एकतरी विधान माझ्याकडे उरलंय का? आमच्याकडे नव्हतं.

मग फोटोकडे परत

पेपरातल्या अशा कोड्याचा एक अलिखित करार असतो: उत्तर एकच असतं. ते कोडं रचणाऱ्याने तपासलेलं असतं. म्हणजे दोन उत्तरं आली आणि माझ्या फुल्या बरोबर असतील, तर माझ्यापर्यंत पोचलेली विधानं आणि छापलेली विधानं एक नाहीत.

काकूंनी फोटो जरा तिरका काढला होता. वरच्या ओळी पूर्ण होत्या, पण खालचा उजवा कोपरा चौकटीबाहेर गेला होता. पहिल्या पाच विधानांच्या शेवटी पूर्णविराम दिसत होता. सहाव्याच्या शेवटी नव्हता. "गेला" नंतर कडा, आणि कडेपलीकडे रकान्यात एखादा छोटा शब्द मावेल एवढीच जागा. त्याच्या खाली थेट उत्तराचा रिकामा चौकोन, म्हणजे वाक्य पुढच्या ओळीवर गेलेलं नाही.

मराठीत वाक्याच्या शेवटी येणारा छोटा शब्द, जो नसला तरी वाक्य पूर्ण वाटतं? "नाही". आपल्याकडे नकार शेवटी येतो. "चिन्मय साताऱ्याला गेला नाही" यातला शेवट कापला तर मागे धडधाकट, बिनचूक, पण नेमकं उलट वाक्य उरतं. अर्धवट शब्द उरला असता तर कुणालाही शंका आली असती. इथे शंका यायला जागाच नव्हती. उजवी कड कापलेल्या मराठी फोटोत हा धोका कायम लक्षात ठेवा.

आता तसं वाचून बघू. चिन्मय-सातारा वर ✗. चिन्मयच्या ओळीत एकच घर उरलं, नाशिक. चिन्मय सहाला, म्हणून नाशिकची गाडी सहाची. सहाची वेळ गेली, म्हणून साताऱ्याला फक्त सात उरले. अमोल एक तासाने, आठला, अलिबागही आठला. दीपा अलिबागच्या नंतर, म्हणजे नऊला, आणि नऊची गाडी कोल्हापूरची. भाग्यश्रीला उरली सातची साताऱ्याची गाडी.

| माणूस | गाव | वेळ |
|---|---|---|
| चिन्मय | नाशिक | ६ |
| भाग्यश्री | सातारा | ७ |
| अमोल | अलिबाग | ८ |
| दीपा | कोल्हापूर | ९ |

ताडा. सातारा सातला, अमोल आठला, बरोबर एक तास. दीपा अलिबागच्या नंतर. भाग्यश्री सहाला नाही. कोल्हापूर शेवटी. अमोल नाशिकला नाही, कोल्हापूरला नाही. सहाही विधानं बसली, आणि वाटेत कुठेही पर्याय उरला नाही, म्हणून उत्तर हे एकच.

इथे एक बारकावा आहे, तो मला फार आवडला. समजा "गेला" हे वाचन विसंगतीत गेलं असतं. तर काय सिद्ध झालं असतं? की पहिल्या पाच विधानांवरूनच चिन्मय साताऱ्याला जाऊ शकत नाही. मग सहावं "गेला नाही" हे विधान काहीच नवीन सांगत नाही, ते नसतं तरी चाललं असतं. उलट इथे "गेला" घेतलं तर दोन उत्तरं, "गेला नाही" घेतलं तर एक. म्हणजे सहावं विधान खरंच कामाचं आहे, आणि कोड्याचा सगळा निकाल त्या कापलेल्या शब्दावर टांगलेला होता.

एक मर्यादाही सांगते. हा शोध "उत्तर एकच असतं" या भरवशावर उभा आहे. पेपरातल्या कोड्यात तो भरवसा धरता येतो. माझ्या कामात नाही. मी प्रथिनांच्या एनएमआर आलेखांवर काम करते. आलेखातलं कुठलं शिखर प्रथिनातल्या कुठल्या अमिनो आम्लाचं, हे ठरवायचं असतं, आणि तिथेही असाच तक्ता चालतो. ग्लायसीनच्या अल्फा-कार्बनचं शिखर ४५ पीपीएमच्या आसपास येतं, म्हणून ६० पीपीएमच्या शिखरापुढे ग्लायसीनच्या घरात फुली. पण तिथे शेवटी चार मोकळ्या घरांचा चौकोन उरला तर "निसर्गाने एकच उत्तर दिलं असणार, म्हणून हे" असं म्हणता येत नाही. निसर्गात उत्तर एकच असेल, पण माझ्या मोजमापात ते एकच ठरायला पुरेशी माहिती आहे, असा करार कुणी केलेला नाही. तिथे दोन्ही शक्यता वहीत लिहायच्या आणि त्या दोन शिखरांत फरक करेल असा पुढचा प्रयोग आखायचा. पहिल्या वर्षी असे दोन चौकोन मी "बहुतेक असंच" म्हणून भरले होते. एक चुकीचा निघाला, आणि त्यावर रचलेलं तीन आठवड्यांचं काम परत करावं लागलं. "बहुतेक" साठी खूण नाही, हा नियम तिथून आला.

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, "तुझा तक्ता पूर्ण बरोबर आहे. दोन उत्तरं येतायत कारण दोनच येतात." तिला आधी वाटलं मी समजूत काढतेय. मग काकूंच्या घरून पेपर मागवला. रद्दीत गेला नव्हता, नशीब. पाच मिनिटांनी मेसेज आला: "आहे. 'नाही' आहे."

आता काकूंना सांगून ठेवलंय की फोटोत चारही कडा आल्या पाहिजेत. आणि आई प्रत्येक विधान उतरवून घेताना शेवटचा पूर्णविराम दिसतो का ते बघते. दिसला नाही तर त्या विधानासमोर प्रश्नचिन्ह टाकते आणि ते सगळ्यात शेवटी वापरते. हे मी शिकवलेलं नाही, तिचं तिनेच सुरू केलंय. मला वाटतं माझ्या प्रयोगाच्या वहीतही हा रकाना हवा.